नोट्स कधी थांबवायच्या आणि आठवून बघायला कधी लागायचं?

प्रश्न: सर, मी सोलापुरात अभ्यासिकेत बसून एमपीएससी गट ब संयुक्त पूर्वची तयारी करते. राज्यव्यवस्थेच्या नोट्स आता तिसऱ्यांदा लिहून काढतेय. आधीची वही गिचमिड वाटते म्हणून दरवेळी अजून सुटसुटीत, रंग वापरून लिहिते. लिहिताना सगळं येतंय असं वाटतं, पण टेस्टला चाळिशीच्या पुढे गाडी जात नाही. मैत्रीण म्हणते नोट्स बंद कर, स्वतःची परीक्षा घे. पण नोट्सच अर्धवट असताना परीक्षा कशाची घेऊ? नोट्स पुरेशा झाल्या हे कळतं कसं?

उत्तर:

आधी मागच्या दोन-तीन टेस्टचे पेपर काढ. राज्यव्यवस्थेचे जेवढे प्रश्न चुकले किंवा सोडले, त्या प्रत्येकाचं उत्तर तुझ्या दुसऱ्या वहीत आहे का ते शोध. तिसरीत नको, दुसरीतच. सापडलं तर प्रश्नापुढे ‘व’ लिही, म्हणजे वहीत होतं. नाही सापडलं तर ‘न’. प्रश्न नीट न वाचल्यामुळे गेला असेल तर तो वेगळा काढ. हे काम तासाभरात होतं आणि तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यात मिळतं. बहुतेक ठिकाणी ‘व’ आला, तर वही पुरेशी होती, तिथून डोक्यात काही गेलं नाही एवढंच. आता तीच माहिती तू चौथ्यांदा, सहा रंगांत लिहिलीस तरी पेपरात फरक पडणार नाही. ‘न’ जास्त आले, तर मात्र नोट्समध्ये खरोखर भोकं आहेत आणि तेवढी बुजवायला हवीत. माझ्याकडे येणाऱ्या मुलामुलींपैकी ज्यांची वही सुंदर असते, त्यांच्या पेपरावर जवळजवळ नेहमी ‘व’चीच रांग दिसते.

दुसरी खूण वहीतच मिळते. एकच प्रकरण दुसऱ्या आणि तिसऱ्या वहीत शेजारी शेजारी उघड. तिसरीत जे खरंच नवीन आहे तेवढ्याला पेन्सिलीने टिंब दे: वाढलेला मुद्दा, दुरुस्त झालेली चूक, विचार करून गाळलेला तपशील. चौकटी, बाण, अक्षर, हायलायटर यांना टिंब नाही. पानामागे एखाद-दुसरंच टिंब निघत असेल तर त्या प्रकरणाचं लिखाण मागच्या वहीतच संपलं होतं. तिथे थांबायचं, वही कितीही गिचमिड दिसली तरी.

आता लिहिताना येतंय असं का वाटतं ते बघू. तू जुनी वही समोर ठेवून नवी लिहितेस. एक ओळ वाचलीस की ती कागदावर उतरेपर्यंत लक्षात राहते, आणि पुढची ओळ समोर असतेच. प्रत्येक वाक्य ओळखीचं लागतं, कुठेही अडत नाही, आणि हे न अडणं म्हणजेच ‘येतं’ अशी आपली समजूत होते. पेपरात समोर वही नसते. तिथे शंभर प्रश्नांना एक तास असतो, पर्याय मुद्दाम एकमेकांसारखे दिलेले असतात आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो.

यावर 2006 साली अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या रोडिगर आणि कार्पिकी या दोघांनी केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा चार सत्रांत पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने तो एकाच सत्रात वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत उतारा न बघता आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा नुसतं वाचणारे पुढे होते, 83 टक्के विरुद्ध 71 टक्के. आठवड्याने विचारलं तेव्हा वाचणारे 40 टक्क्यांवर घसरले होते आणि आठवून लिहिणारे 61 वर टिकून होते. गंमत अशी की आठवड्याने आपल्याला किती आठवेल याचा अंदाज विचारला तेव्हा जास्त भरवसा वाचणाऱ्यांनाच होता. तुझी तक्रार हीच आहे. आता हा प्रयोग वाचण्याचा होता, नोट्स उतरवण्याचा नव्हता, हे मान्य. पण पुस्तक उघडं ठेवून उतरवणं हे हाताला श्रम देणारं वाचनच असतं. वही मिटून लिहिलंस तर गोष्ट वेगळी, आणि पुढे मी तेच करायला सांगणार आहे.

एक प्रकरण घेऊन दाखवतो. आणीबाणीविषयक तरतुदी घे, कारण या प्रकरणाचा तक्ता सगळेच फार देखणा करतात. तीन रकाने, 352, 356 आणि 360. खाली कारणं, संसदेची मंजुरी किती दिवसांत, बहुमत कोणतं, मुदत किती, आजवर कितीदा लागू झाली. तक्त्यात सगळं आपापल्या घरात बसलेलं असतं म्हणून स्वच्छ दिसतं. पण पेपरात घरांच्या रेघा नसतात. तिथे ‘एक महिना’ आणि ‘दोन महिने’ हे दोन सुटे तुकडे तरंगत असतात आणि कोणता कुणाचा ते तुलाच जोडायचं असतं. चूक नेमकी तिथे होते, आणि ती चूक वहीत दिसू शकत नाही.

म्हणून त्या पानावरून प्रश्न काढ. पाठकोऱ्या कागदावर फक्त प्रश्न, उत्तरं नाहीत. 352 ची कारणं कोणती? त्यातलं कोणतं नंतर बदललं, कोणत्या घटनादुरुस्तीने? तिन्ही आणीबाण्यांना मंजुरी किती काळात आणि कोणत्या बहुमताने लागते? 356 एक वर्षाच्या पुढे न्यायची तर कोणत्या अटी? कमाल किती वर्षं? आणीबाणीतही कोणती कलमं निलंबित होत नाहीत? राष्ट्रीय आणीबाणी कधी कधी लागली? एका प्रकरणाला दहा-बारा प्रश्न पुरतात. ‘आणीबाणी स्पष्ट करा’ असला प्रश्न काढू नकोस. त्याचं उत्तर अर्धवट आलं तरी आलंच असं वाटतं.

प्रश्न काढलेस की लगेच सोडवायचे नाहीत. लिहून झाल्या झाल्या सगळंच आठवतं आणि तो निकाल खोटा असतो. मधे एक रात्र जाऊ दे. दुसऱ्या दिवशी सकाळी अभ्यासिकेत बसल्यावर, कोणतंही पुस्तक उघडायच्या आधी, कोरा कागद घे आणि वीस मिनिटांत उत्तरं लिही. आठवत नसेल तर अर्धा-एक मिनिट अडून बस. त्या अडण्याचा त्रास होतो, हात वहीकडे जातो. तो जाऊ द्यायचा नाही. तरीही नाही आलं तर रेघ मारून पुढे जा.

पहिल्या सकाळी असा कागद साधारण कसा दिसतो ते सांगतो. ‘352: युद्ध, परकीय आक्रमण, अंतर्गत अशांतता. मंजुरी दोन महिन्यांत. 356: मंजुरी दोन महिन्यांत, विशेष बहुमत? कमाल 3 वर्षं. एक वर्षानंतरच्या अटी: निवडणूक आयोग… दुसरी आठवत नाही. 360: कधीच लागली नाही. 20 आणि 21 निलंबित होत नाहीत.’ आता वही उघड आणि लाल पेनाने तपास. 360 आणि 20-21 बरोबर आलं, ते सोडून दे. उरलेल्या चुका दिसायला सारख्या असल्या तरी दोन जातींच्या आहेत.

‘दुसरी अट आठवत नाही’ ही कोरी जागा. तिचं फार वाईट वाटून घेऊ नकोस, पेपरात असा प्रश्न तू सोडशील आणि गुण कापला जाणार नाही. तिला इलाज एवढाच की उत्तर बघायचं (राष्ट्रीय आणीबाणी देशात किंवा त्या राज्यात अथवा त्याच्या एखाद्या भागात लागू असली पाहिजे, आणि निवडणुका घेणं अवघड आहे असं आयोगाने प्रमाणित केलं पाहिजे), वही मिटायची आणि लगेच एकदा न बघता लिहायचं. पुन्हा चार दिवसांनी विचारायचं.

‘352 ला दोन महिने’ ही अदलाबदल. ही वाईट, कारण इथे तू खात्रीने गोळा काळा करणार. अदलाबदलीला तीच ओळ पुन्हा लिहून काही होत नाही, तू ती तीनदा लिहिलीच आहेस. तिला कारण लागतं. 1975 ची आणीबाणी ‘अंतर्गत अशांतता’ या कारणावर लावली होती. तो अनुभव घेतल्यावर 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीने ते शब्द काढून ‘सशस्त्र उठाव’ घातलं आणि 352 चे स्क्रू चहूबाजूंनी आवळले: मंत्रिमंडळाचा सल्ला लेखी हवा, मंजुरीची मुदत दोन महिन्यांवरून एक महिन्यावर, साध्या बहुमताऐवजी विशेष बहुमत, आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा मंजुरी. म्हणजे 352 कडक, तिला एक महिना आणि विशेष बहुमत. 356 आणि 360 दोघींना दोन महिने आणि साधं बहुमत. तक्त्यातली सहा घरं दोन वाक्यांत आली, आणि वर 44 वी घटनादुरुस्ती हा वेगळा पाठ करायचा मुद्दाही त्यातच बसला. वहीत वाढवायचं ते एवढंच. समासात लाल पेनाने: ‘1975 → 44 वी → 352 कडक: 1 म., विशेष. बाकी 2 म., साधं.’

या समासातल्या ओळीकडे नीट बघ, कारण नोट्सला पुन्हा हात कधी लावायचा याचा नियम तिच्यात आहे. आधी आठवून बघायचं, चूक सापडली पाहिजे, आणि मग त्या चुकीपुरतीच ओळ लिहायची. पान फाडून नव्याने लिहायचं नाही. अशाने महिन्याभरात तुझी दुसरी वही लाल खरडीने भरेल आणि आतापेक्षा जास्त गिचमिड दिसेल. दिसू दे. परीक्षेच्या आदल्या दिवशी तू फक्त लाल ओळी वाचशील, आणि त्या नेमक्या तुझ्या चुकांच्या असतील. शेजारणीच्या झेरॉक्समध्ये त्या सापडणार नाहीत.

सोप्या ओळखीच्या गोष्टीला बांधता आलं तर बांध. 356 हे महाराष्ट्रात 1980, 2014 आणि 2019 असं तीनदा लागलं आहे. 2019 चं तर पहाटेच्या शपथविधीमुळे घरोघरी माहीत आहे. त्या वेळी राजवट 12 ते 23 नोव्हेंबर एवढीच टिकली, म्हणून संसदेच्या मंजुरीपर्यंत गोष्ट गेलीच नाही. ‘मंजुरी किती काळात’ या रुक्ष प्रश्नाला त्यामुळे खुंटी मिळते. मात्र प्रत्येक मुद्द्याला अशी गोष्ट शोधत बसू नकोस, तोही पुन्हा नोट्स सजवण्याचाच प्रकार होतो.

पुढची फेरी तीन-चार दिवसांनी, त्यापुढची दहा-बारा दिवसांनी. प्रत्येक फेरीत सगळे प्रश्न घ्यायची गरज नाही. लागोपाठ दोनदा विनासायास बरोबर आलेला प्रश्न महिन्यानंतरच्या ढिगात टाक, चुकलेला पुन्हा चार दिवसांच्या ढिगात आण. दुसऱ्या फेरीपासून प्रकरणं मिसळ. आणीबाणीच्या प्रश्नांत राज्यपालाचे वटहुकूम आणि घटनादुरुस्तीची प्रक्रिया घाल, कारण एकाच प्रकरणाचे प्रश्न ओळीने आले की उत्तराची जात आधीच कळलेली असते. खऱ्या पेपरात ती कळत नाही.

या पद्धतीत फसायच्या दोन जागा आहेत. पहिली म्हणजे उत्तर बघून ‘अरे हे येतच होतं’ म्हणत टिक करणं. येत होतं तर कागदावर असायला हवं होतं. म्हणून तोंडी नको, लेखीच कर, निदान पहिली फेरी. आणि प्रत्येक उत्तरापुढे तपासायच्या आधी खात्री लिही: ‘पक्कं’ किंवा ‘अंदाज’. ‘पक्कं’ लिहून चुकलेली उत्तरं म्हणजे निगेटिव्ह मार्किंगचा साठा, त्यांना पहिला मान. दुसरी जागा म्हणजे मागच्या वर्षांचे तेच पेपर पुन्हा पुन्हा सोडवणं. तिसऱ्या वेळी प्रश्न वाचायच्या आत पर्याय क्रमांक आठवतो आणि गुण झपाट्याने वाढतात. ती वाढ मोजू नकोस. जुना प्रश्न पुन्हा घ्यायचा असेल तर पर्याय झाकून घे, आणि उरलेले तीन पर्याय का चूक हेही सांग.

नोट्स लिहिणं कुठे योग्य ठरतं तेही सांगतो, नाहीतर तू उद्या वही गच्चीवरून फेकशील. कोऱ्या कागदावर अर्ध्याहून अधिक रेघाच आल्या, तर ते प्रकरण तुला मुळात कळलेलं नाही. तिथे परीक्षा घेत राहण्यात अर्थ नाही. पुस्तकाकडे परत जा, वहीकडे नको, कारण वहीत तू न कळलेलं वाक्यच स्वच्छ अक्षरात उतरवलेलं असतं. कळलं की नाही याची कसोटी अशी: विषय न घेतलेल्या भावाला किंवा मैत्रिणीला पाच वाक्यांत सांगता आलं पाहिजे. कायदा बदलला, नवी घटनादुरुस्ती आली, तर अर्थातच ओळ वाढवायची. भूगोलात नकाशा पुन्हा पुन्हा काढणं चालतं, पण ॲटलास मिटून. भीमेच्या उपनद्या बघून काढल्यास तर ते चित्रकलेत जमा. गणित-बुद्धिमत्तेला नोट्सची चैन परवडतच नाही, तिथे सूत्रांचं एक पान आणि बाकी सराव.

अभ्यासिकेचा एक त्रास मला ठाऊक आहे, तो बोलून टाकतो. आजूबाजूला सगळे खाली मान घालून लिहीत असतात, त्यामुळे लिहिणारा माणूस अभ्यास करतोय असं दिसतं. कोऱ्या कागदाकडे बघत आठवत बसलेल्याला शेजारी विचारतात, ‘झोप लागली काय?’ सोलापूरच्या एप्रिलमध्ये दुपारी तीन वाजता हा प्रश्न अगदीच गैरलागू नसतो म्हणा. म्हणून आठवायचं काम सकाळच्या पहिल्या तासात घे, डोकं थंड असताना. दुपारी पुस्तक वाचन, चुका तपासणं, लाल ओळी. आणि संध्याकाळी मैत्रिणीबरोबर कंबर तलावाकडे फेरी मारणार असशील तर प्रश्नांचा कागद तिच्या हातात दे. तोंडी फेरी तिथे होते, फक्त हातचं राखून मार्क देणारी मैत्रीण बरोबर असली पाहिजे. तुझी ही मैत्रीण त्या कामाला चांगली दिसते.

वेळेची वाटणी: राज्यव्यवस्थेला आज तू दोन तास देत असशील आणि ते सगळे लिहिण्यात जात असतील, तर उद्यापासून पहिला पाऊण तास आठवण्याचा, पुढचा अर्धा तास तपासण्याचा आणि लाल ओळींचा, उरलेला वेळ पुस्तकाचा. पहिले आठ-दहा दिवस कागद लाल होईल आणि आपण मागे गेलो असं वाटेल. खरं तर आधी झाकलेलं उघडं पडलेलं असतं. प्रगती टेस्टच्या गुणांत लगेच शोधू नकोस. आणीबाणीच्या त्याच बारा प्रश्नांत पहिल्या फेरीला किती आले आणि दहा दिवसांनी, मधे वही न उघडता, किती आले हे बघ. तो आकडा वाढत नसेल तर प्रश्न फार मोठे काढलेस किंवा मधलं अंतर जास्त झालं. प्रश्न फोडून लहान कर, चारऐवजी दोन दिवसांनी विचार.

राहिला ‘अर्धवट नोट्स’चा मुद्दा. जी प्रकरणं दुसऱ्या वहीत आहेत त्यांचे प्रश्न दुसऱ्या वहीवरूनच काढ आणि तिसरी वही आज आहे तिथे थांबव. जी प्रकरणं कुठेच लिहिलेली नाहीत, समजा पंचायत राज राहिलंय, त्यांच्यासाठी क्रम उलटा कर. पुस्तकातली तीन-चार पानं वाच, पुस्तक मीट, आणि आठवेल तेवढं निळ्या पेनाने लिही. 73 वी घटनादुरुस्ती, अकरावी अनुसूची, 29 विषय, ग्रामसभा, जे येईल ते, जसं येईल तसं. मग पुस्तक उघडून जे राहिलं किंवा चुकलं ते त्याच पानावर लाल पेनाने भर. ते पान म्हणजे त्या प्रकरणाच्या नोट्स. दुसऱ्या दिवशी सकाळचे प्रश्न त्यातल्या लाल भागावर जास्त काढ, निळ्यावर दोन-तीन पुरेत.